बुडण्याआधीची तरतूद

दिवाळीच्या दिवशी, भगवान महावीरांच्या निर्वाणकल्याणकाच्या पहाटे देरासरात निर्वाण लाडू चढवून व्यापारी घराण्यातील मंडळी पेढीवर येतात, तेव्हा नव्या वहीच्या पूजेआधी एक काम उरकलेले असते. जुन्या वहीतील येणे कोणाकडून किती, याची यादी मुनीमजींनी तयार केलेली असते. त्या यादीत काही नावांसमोर एक बारीक टिंब असते. रक्कम वहीत तशीच उभी, आसामीही बाजारात हिंडत-फिरत असते. परंतु या पैशावर पुढच्या हंगामाची खरेदी ठरवू नये, एवढे त्या टिंबाने सांगितलेले असते. ते पैसे ‘बुडाले’ असे कोणी म्हणत नाही, आणि ‘येतील’ असेही म्हणत नाही.

बँकिंगच्या भाषेत याच टिंबाला तरतूद म्हणतात. फरक एवढाच की मुनीमजींचे टिंब त्यांच्या अनुभवावर आणि मर्जीवर अवलंबून असते, तर बँकेला ते कोणत्या दिवशी, किती टक्क्यांचे लावायचे, हे रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलेले असते. कर्जदार सज्जन आहे, तारणाला घर आहे, व्यवहार तीन पिढ्यांचा आहे, अशा कोणत्याही कारणाने ती तारीख पुढे ढकलता येत नाही. व्यापाऱ्याला बँकेचा राग येतो तो बहुधा येथेच. म्हणून हे गणित एका पेढीच्या उदाहरणावरून पाहिलेले बरे.

जिल्ह्याच्या गावी कापडाचा घाऊक व्यापार करणारी, वडील आणि दोन भाऊ भागीदार असलेली एक पेढी कल्पावी. बँकेने तिला १ कोटी रुपयांचे कॅश क्रेडिट मंजूर केले आहे. दुकानात ९० लाखांचा माल आहे. त्यापैकी २० लाखांच्या मालाचे पैसे गिरणीला देणे बाकी आहे. ग्राहकांकडून ६० लाखांची उधारी येणे आहे. बँक पैसे दिलेल्या ७० लाखांच्या मालावर २५ टक्के आणि उधारीवर ४० टक्के मार्जिन कापते. मग मालापोटी साडेबावन्न लाख आणि उधारीपोटी ३६ लाख, मिळून साडेअठ्ठ्याऐंशी लाख, ही त्या महिन्याची ‘ड्रॉइंग पॉवर’ झाली. मंजुरी १ कोटीची असली तरी उचलण्याचा अधिकार एवढाच. खात्यावर ८६ लाख उचललेले आहेत, म्हणजे सारे ठाकठीक आहे. या खात्याला बँक ‘उत्तम’ म्हणते, आणि तरीही त्यावर साधारण ०.४० टक्के, म्हणजे सुमारे ३४ हजार रुपये बाजूला काढून ठेवते. कर्ज निरोगी असतानाही ही रक्कम का काढायची, त्याचे उत्तर पुढे येईल.

आता पेढीचा एक मोठा ग्राहक अडचणीत येतो. त्याच्याकडे ३० लाख अडकलेले आहेत. धाकट्या भावाने १० जानेवारीला मालाचे विवरणपत्र, म्हणजे स्टॉक स्टेटमेंट, प्रामाणिकपणे भरून दिले; त्यात ही ३० लाखांची उधारी ९० दिवसांहून जुनी झालेली दिसते. इतकी जुनी उधारी बँक हिशेबात धरत नाही. उरलेल्या ३० लाखांवर ४० टक्के मार्जिन जाऊन १८ लाख उरतात, आणि ड्रॉइंग पॉवर साडेसत्तर लाखांवर घसरते. खात्यावर मात्र ८६ लाख तसेच आहेत. त्या दिवशी, कोणालाही फारसे न जाणवता, खाते साडेपंधरा लाखांनी ‘वर’ गेले.

पेढीची समजूत अशी असते की खात्यात रोज भरणा होतो आहे, व्याजही बरेचसे जाते आहे, मग खाते खराब कसे होईल? नियम मात्र दोन्हीकडून पाहतो. मुदतीच्या कर्जात हप्ता किंवा व्याज ९० दिवसांहून अधिक थकले, तर कर्ज अनुत्पादक होते. कॅश क्रेडिटला हप्ता नसतो. म्हणून तेथे बाकी सलग ९० दिवस मर्यादेच्या किंवा ड्रॉइंग पॉवरच्या वर राहिली, अथवा या ९० दिवसांत जमा झालेल्या रकमेतून त्या काळाचे व्याजही फिटले नाही, तर खाते अनुत्पादक ठरते. यांपैकी एक गोष्ट घडली तरी पुरे. उलाढाल मोठी असूनही केवळ ड्रॉइंग पॉवर घसरल्यामुळे खाते घसरल्याची उदाहरणे व्यापारात कमी नाहीत. विवरणपत्र दिलेच नाही, तर ही गोष्ट टळते असेही नव्हे. तीन महिन्यांहून जुन्या विवरणपत्रावर काढलेली ड्रॉइंग पॉवर बँकेने अनियमित मानायची असते, आणि तिच्या जोरावर खाते ९० दिवस चालले तर तेही अनुत्पादकच.

दिवस मोजण्याची रीतही नेमकी आहे. १० जानेवारीपासून ३० दिवस झाले की ९ फेब्रुवारीला खाते ‘विशेष लक्ष’ यादीच्या एका पायरीवर येते, ११ मार्चला पुढच्या पायरीवर, आणि १० एप्रिलच्या दिवसअखेर अनुत्पादक होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले की ही गणना दिवसअखेरच्या संगणकीय प्रक्रियेतच व्हायची. तिमाही संपल्यावर शाखाधिकाऱ्याने सवडीने करायची नव्हे. तेव्हापासून ‘शेठजी, ३१ तारखेपर्यंत भरा म्हणजे झाले’ हे जुने आश्वासन निकामी झाले. परत वर यायचे तर केवळ थोडी रक्कम भरून चालत नाही. व्याजासह सर्व थकबाकी फिटून खाते पूर्ण मर्यादेत यावे लागते, तेव्हाच ते पुन्हा ‘उत्तम’ होते.

१० एप्रिलला बँकेच्या वहीत दोन गोष्टी होतात. पहिली अशी, की वसूल न झालेले पण उत्पन्न म्हणून आधीच लिहिलेले व्याज नफ्यातून मागे घ्यावे लागते. यापुढे व्याज प्रत्यक्ष हाती आल्यावरच उत्पन्न. ‘अनुत्पादक’ हा शब्द येथूनच आला: कर्ज आहे, पण ते उत्पन्न देईनासे झाले. दुसरी गोष्ट म्हणजे तरतूद. व्याज वजा जाऊन ८६ लाख उरले असे धरले, तर पहिले वर्षभर हे कर्ज ‘दुय्यम’ प्रतीचे मानतात आणि व्यापारी बँकेला त्यावर १५ टक्के, म्हणजे १२ लाख ९० हजार बाजूला काढावे लागतात. तारण किती हे या पायरीवर पाहिले जात नाही. ३४ हजारांवरून एकदम तेरा लाखांच्या घरात! शाखाधिकाऱ्याचा फोनवरचा आवाज मार्चमध्ये बदलतो, त्याचे कारण हा आकडा असतो.

वर्षभरात सुधारणा झाली नाही, तर पुढील १० एप्रिलला कर्ज ‘संशयित’ होते आणि तारणाचा प्रश्न तेव्हा उभा राहतो. समजा, गोदाम, घर आणि उरलासुरला माल विकून ५६ लाख येतील असे मूल्यांकन आहे. मग ८६ पैकी ३० लाखांना कशाचाच आधार नाही. त्यावर १०० टक्के तरतूद. आधार असलेल्या ५६ लाखांवर पहिल्या वर्षी २५ टक्के, म्हणजे १४ लाख. मिळून ४४ लाख. संशयित होऊन वर्ष उलटले की हा दर ४० टक्के होतो आणि एकूण तरतूद ५२ लाख ४० हजारांवर जाते. संशयित अवस्थेची तीन वर्षे पुरी झाली, म्हणजे खाते घसरल्यापासून चार वर्षे झाली, की तारण असो वा नसो, पूर्ण ८६ लाख बाजूला. तारणाचे मूल्य मूळ अंदाजाच्या निम्म्याहून खाली आले, असे तपासणीत आढळले, तर दुय्यमची पायरी वगळून कर्ज सरळ संशयितात टाकतात. दुकानातला माल रातोरात हलवणारा कर्जदार ही घसरण स्वतःच जवळ आणतो.

या साऱ्या काळात घर अजून विकलेले नाही. दावा चालू आहे. वडील दर महिन्याला काही ना काही भरत आहेत. तोटा ‘झाला’ असे कोणत्याही दिवशी म्हणता येत नाही. मग तो वहीत का मांडायचा?

पहिले कारण असे की कर्जातील तोट्याची निश्चिती सर्वांत शेवटी येते. माल नासला तर तो त्याच दिवशी दिसतो. कर्ज मात्र आतून पोकळ होत असताना बाहेरून शाबूत दिसते. आकडा तोच, सही तीच, तारणाचा कागद तोच. जप्ती, लिलाव, अपील हे सारे संपून आकडा पक्का होईपर्यंत कित्येक वर्षे जातात. निश्चितीची वाट पाहणारी बँक या वर्षांत दरसाल नफा दाखवते, त्यावर कर भरते, लाभांश वाटते. तोटा पक्का होईल तेव्हा हा वाटलेला पैसा परत मागता येत नाही.

दुसरे कारण बँकेच्या अंगातील पैसा. व्यापाऱ्याच्या पेढीत बहुधा स्वतःचे भांडवल मोठे असते. उधारी बुडाली तर घरच्या पैशाला तोशीस लागते. बँकेचे तसे नाही. नियमानुसार जोखमीच्या प्रमाणात मोजलेल्या मालमत्तेवर किमान ९ टक्के भांडवल लागते. म्हणजे ढोबळमानाने १०० रुपयांच्या कर्जामागे बँकेचे स्वतःचे ९-१० रुपये, बाकी ठेवीदारांचे. ५ रुपयांची कर्जे बुडाली तरी निम्मे भांडवल संपले. ठेवीदाराला मात्र ‘तुमच्या १०० पैकी ९५ घ्या’ असे सांगता येत नाही. त्याचे देणे पूर्ण आहे आणि तो ते उद्या सकाळीही मागू शकतो.

तिसरे कारण व्याजाच्या दरात दडलेले आहे, आणि निरोगी कर्जावरील त्या ०.४० टक्क्यांचे उत्तरही तेथेच आहे. हजार व्यापाऱ्यांना कर्ज देताना त्यांपैकी काही बुडवणार, हे बँकेला ठाऊक असते. कोण बुडवणार, एवढेच ठाऊक नसते. म्हणून व्याज ठरवताना त्या संभाव्य तोट्याचा अंश ती सर्वांकडून घेते. उधारीवर विकणारा घाऊक व्यापारीही रोखीपेक्षा भाव दोन पैसे चढा लावतो, तो याच हिशेबाने. तो चढा पैसा हाती आला की त्याला नफा म्हणायचे आणि त्यापोटी येणारा तोटा मात्र तीन वर्षांनी लिहायचा, हा हिशेब खोटा ठरतो.

हा विचार भारतीय बँकांत फार जुना नाही. नव्वदच्या दशकापूर्वी न मिळालेले व्याजही मिळाल्यासारखे लिहिण्याची सवय सर्रास होती. १९९१ च्या नरसिंहम समितीच्या शिफारशींनंतर १९९२-९३ पासून उत्पन्न, वर्गवारी आणि तरतूद यांचे नियम आले, आणि कालपर्यंत नफ्यात दिसणाऱ्या काही सरकारी बँका कागदावर एकाएकी तोट्यात गेल्या. कर्जे एका रात्रीत बिघडली नव्हती. वही खरी झाली होती. सुरुवातीला मुदत सैल होती, ती टप्प्याटप्प्याने आखडत मार्च २००४ पासून ९० दिवसांवर आली. असाच दुसरा धक्का २०१५ साली रघुराम राजन गव्हर्नर असताना बसला. मोठ्या कर्जांची झडती रिझर्व्ह बँकेने एकत्रितपणे घेतली आणि मुदतवाढ देऊन देऊन ‘उत्तम’ ठेवलेली कर्जे उघडी पडली. मार्च २०१८ पर्यंत बँकांची ढोबळ अनुत्पादक कर्जे एकूण कर्जांच्या ११ टक्क्यांवर गेली.

तरतूद न केल्यास काय होते, हे मुंबईकर व्यापाऱ्यांनी २०१९ मध्ये जवळून पाहिले. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक आपल्या अहवालात ४ टक्क्यांहून कमी ढोबळ अनुत्पादक कर्जे दाखवत होती. प्रत्यक्षात तिच्या कर्जांचा ७० टक्क्यांहून मोठा हिस्सा एकाच बांधकाम समूहाकडे अडकला होता आणि ती थकलेली खाती, तपास यंत्रणांच्या म्हणण्यानुसार, हजारो बनावट खात्यांआड लपवलेली होती. थकीत खाते ‘उत्तम’ दाखवले की तरतूद शून्यवत. तरतूद नाही म्हणून नफा. नफा आहे म्हणून ठेवीदारांचा विश्वास, आणि त्या विश्वासावर नव्या ठेवी. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा ठेवीदाराला खात्यातून केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा होती. ही मर्यादा पुढे वाढत गेली. जानेवारी २०२२ मध्ये बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, परंतु ५ लाखांवरील ठेवींची परतफेड वर्षानुवर्षांच्या हप्त्यांत बांधली गेली. लेखापरीक्षित ताळेबंद वाचून, विचार करून ठेव ठेवणाऱ्यांनाही त्या ताळेबंदातून काही कळले नसते.

एवढ्या टोकाला न जाताही तरतूद चुकवण्याच्या छोट्या युक्त्या रोज चालतात, आणि त्यांत कर्जदार सामील असतो. मार्चअखेर मित्राकडून हातउसने पैसे आणून खात्यात भरायचे, खाते मर्यादेत आणायचे, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तेच पैसे चेकने परत द्यायचे, ही त्यांतली सर्वांत परिचित. नियमांत तिची दखल आहे: खात्यात मूळचीच कमजोरी दिसत असेल, तर वर्षअखेरीस झालेल्या एकदोन भरण्यांवरून ते उत्तम धरू नये. तपासणी अधिकारी एप्रिलच्या पानावरून मार्चचे पान वाचतो. पैसा आला तसाच, त्याच आकड्यात, त्याच नावाकडे बाहेर गेला की त्याला दुसरा पुरावा लागत नाही.

तरतुदीविषयी व्यापारी घरांत एक गैरसमज पक्का बसलेला आढळतो: बँकेने पूर्ण तरतूद केली, कर्ज वहीतून निर्लेखित केले, म्हणजे कर्ज माफ झाले. तसे नाही. तरतूद ही बँकेने स्वतःच्या नफ्याशी केलेली गोष्ट आहे. कर्जदाराशी झालेल्या करारातला एक शब्दही तिने बदलत नाही. वसुली चालू राहते, जामीनदार बांधलेला राहतो, व्याजाचे मीटर बँकेच्या वेगळ्या वहीत फिरत राहते. शिवाय वर्गवारी खात्यागणिक नसून कर्जदारागणिक असते. पेढीचे एक खाते घसरले की पेढीच्याच नावावरील ट्रकचे नियमित कर्जही त्याबरोबर अनुत्पादक होते, त्याचा एक हप्ता चुकलेला नसला तरी.

याच व्यवस्थेची एक बाजू कर्जदाराच्या कामी येते. कापडाच्या त्या पेढीने पाचव्या वर्षी एकरकमी तडजोडीचा प्रस्ताव दिला, असे समजावे. धाकट्या भावाने गावाबाहेरचा प्लॉट विकून ५८ लाख उभे केले आहेत. बँकेच्या वहीत या कर्जाचे निव्वळ मूल्य आता शून्य आहे, कारण ८६ लाख चार वर्षांत टप्प्याटप्प्याने नफ्यातून काढून झाले. येणारे ५८ लाख त्या वर्षीच्या नफ्यात जमा होतात. हाच प्रस्ताव पहिल्याच वर्षी आला असता, तर तरतूद फक्त १२ लाख ९० हजारांची होती, निव्वळ मूल्य ७३ लाख १० हजार, आणि ५८ लाख स्वीकारणे म्हणजे आणखी १५ लाख १० हजारांचा तोटा त्याच वर्षी गिळणे. त्याच रकमेला पहिल्या वर्षी नकार आणि पाचव्या वर्षी होकार का मिळतो, याचे उत्तर अधिकाऱ्याच्या स्वभावात शोधू नये. तथापि या चार वर्षांची किंमत पेढी दुसरीकडे मोजते. पतनोंदीत खाते ‘पूर्ण फेडले’ असे न दिसता ‘तडजोडीने मिटवले’ असे राहते, आणि पुढचा कर्जदाता ते पहिल्यांदा वाचतो.

नियमांच्या या पायऱ्यांना मर्यादा आहेतच. त्या दिनदर्शिकेवर चालतात. ८९ व्या दिवशी निरोगी आणि ९० व्या दिवशी आजारी असे कोणतेही दुकान नसते. म्हणूनच २००८ च्या जागतिक संकटानंतर हिशेबाच्या आंतरराष्ट्रीय मानकांनी वेगळी वाट धरली. तोटा घडल्याची खूण दिसल्यावर तरतूद, ही जुनी रीत सोडून २०१८ पासून ‘अपेक्षित तोटा’ मोजण्याची पद्धत आली. कर्ज देतानाच पुढील १२ महिन्यांचा संभाव्य तोटा मांडायचा, आणि कर्जाची जोखीम लक्षणीय वाढली की थकबाकी नसली तरी कर्जाच्या पूर्ण मुदतीचा. भारतात मोठ्या वित्तसंस्था हे आधीपासून करतात. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२३ मध्ये त्यावरचा चर्चापत्र-मसुदा मांडला. या रीतीत कापड पेढीची तरतूद १० एप्रिलची वाट पाहणार नाही. मोठ्या ग्राहकाची उधारी जुनी झालेली विवरणपत्रात दिसली, तेव्हाच वाढेल. तिचा धोका असा की अंदाज बांधणारी बँकच असते, आणि आशावादी अंदाज बांधण्याचे तिला नेहमीच कारण असते. स्पेनने तर २००० सालापासून भरभराटीच्या वर्षांत जादा तरतूद साठवण्याचा नियम केला होता. तो साठा कामी आला, पण घरबांधणीचा फुगा फुटल्यावर जो तोटा आला त्याला तो पुरला नाही.

प्राप्तिकरात मात्र बँक आणि पेढी यांना एकच माप नाही. बँकेला संशयित कर्जांच्या तरतुदीपोटी ठराविक मर्यादेपर्यंत वजावट मिळते. व्यापाऱ्याने वहीत कितीही टिंबे लावली तरी केवळ तरतुदीला वजावट नाही. आसामीचे खाते प्रत्यक्ष बुडीत म्हणून लिहून टाकले, तरच ती मिळते. रक्कम खरोखर वसूल होणार नाही हे सिद्ध करावे लागत नाही, लिहून टाकणे पुरते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले आहे. त्या ३० लाखांच्या ग्राहकाचे नाव थोरल्या भावाने चार दिवाळ्या नव्या वहीत ओढून आणले. पाचव्या दिवाळीला, तडजोडीचे पैसे बँकेत भरून झाल्यावर, ते ओढले नाही.